पंधरा मिनिटं मागणारी मेल

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात एक वेळ अशी येते, की वेबसाइट वाचून झालेल्या असतात, सिनिअर्सना विचारून झालेलं असतं, आणि तरी एक प्रश्न उरतोच. आधी नोकरी करून मग पीएच.डी.ला आलं तर चालतं का? अमुक विषयात पाच वर्षं घातली तर बाहेर त्याचं नक्की काय होतं? याचं उत्तर ज्या माणसाकडे आहे तो एखाद्या कंपनीत आर अँड डी विभागाचा प्रमुख असतो, नाहीतर एखाद्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत वरिष्ठ शास्त्रज्ञ. आपली त्यांची ओळख नसते, मधे ओळख करून देणारंही कुणी नसतं. हातात असतो फक्त त्यांचा ईमेल पत्ता.

अशा माणसाला 'थोडा वेळ बोलाल का' असं विचारणाऱ्या एकाच मेलबद्दल आज लिहिते आहे. पीएच.डी.ची जागा मागणारी किंवा इंटर्नशिप मागणारी मेल वेगळी असते, तिच्यात सीव्ही लागतो, मार्क लागतात, तंत्रं कोणती येतात ते लागतं. इथे आपण जागा मागत नाही, माहिती मागतो. गंमत म्हणजे या मेल्सना उत्तर न येण्याचं एक मोठं कारण हेच, की वाचणाऱ्याला ती जागा मागणारीच मेल वाटते.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गाइडनी त्यांच्याकडे आलेल्या समर इंटर्नशिपच्या मेल्स छाटायचं काम माझ्यावर सोपवलं होतं. दोन दुपारी त्यात गेल्या. त्यात माझ्या लक्षात आलं की मी कुठलीच मेल पूर्ण वाचत नव्हते. विषयाची ओळ, पहिलं वाक्य आणि अटॅचमेंट आहे की नाही, एवढ्यावर हात पुढे जात होता. त्या ढिगात तीन-चार मेल्स अशा होत्या की ज्यांना खरं तर इंटर्नशिप नकोच होती, फक्त एक शंका विचारायची होती. त्याही मी आधी इंटर्नशिपच्याच गठ्ठ्यात टाकल्या. कारण विषय होता 'रिक्वेस्ट फॉर गायडन्स' आणि सोबत सीव्ही.

हा 'गायडन्स' शब्द आपल्याकडे घात करतो. आपल्या मनात त्याचा अर्थ असतो सल्ला. पण आपल्या विद्यापीठांमध्ये गाइड म्हणजे पीएच.डी.चा गाइड आणि 'मार्गदर्शन' म्हणजे त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करणं. 'तुमचं मार्गदर्शन लाभावं' असं वाचलं की प्राध्यापक मनातल्या मनात आपल्याकडे किती जागा रिकाम्या आहेत ते मोजायला लागतात, आणि जागा नसली की मेल बंद होते. कंपनीतल्या माणसाचंही तेच, तिथे सीव्ही दिसला की बोट सरळ एचआरकडे फॉरवर्ड करण्याच्या बटणावर जातं. म्हणून या मेलला सीव्ही जोडायचा नाही आणि तिच्यात गायडन्स हा शब्द लिहायचा नाही. एवढं केलं तरी मेल निदान योग्य गठ्ठ्यात पडते.

आता एक खरी मेल घेऊ. आमच्या विभागात सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी एक मुलगी आहे. तिच्यासमोर दोन वाटा होत्या: एका कॉन्ट्रॅक्ट रिसर्च कंपनीत नोकरी, आणि पीएच.डी.च्या मुलाखती. नोकरीला हो की नाही हे पाच आठवड्यांत कळवायचं होतं. घरून नोकरीचा आग्रह, पैशाची गरजही खरी. तिची भीती एकच, की नोकरीत गेले तर परत संशोधनाकडे येता येईल का. तिने एक औषधनिर्मिती कंपनीतले वरिष्ठ शास्त्रज्ञ शोधून काढले होते. त्यांचे पेपर 'ऑरगॅनिक प्रोसेस रिसर्च अँड डेव्हलपमेंट' या जर्नलमध्ये येतात. (कारखान्यातल्या रसायनाबद्दल कुतूहल असेल तर हे जर्नल चाळाच. उद्योगातले केमिस्ट आपलं काम जिथे छापतात अशा मोजक्या जागांपैकी ती एक आहे.) तिने लिहिलेली पहिली मेल अशी होती. मूळ इंग्रजीत, मी मराठीत देते:

'आदरणीय सर, मी अमुक विद्यापीठातली एम.एस्सी.ची विद्यार्थिनी आहे. मला लहानपणापासून संशोधनाची आवड आहे. आपलं कार्य अत्यंत प्रेरणादायी आहे. मला माझ्या करिअरविषयी आपलं बहुमूल्य मार्गदर्शन हवं आहे. तरी कृपया आपल्या व्यस्त वेळापत्रकातून थोडा वेळ काढून लवकरात लवकर मला फोन करण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती. माझा नंबर खाली दिला आहे. आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत. आगाऊ धन्यवाद.'

इंग्रजीत हे आपल्याला खटकत नाही, कारण शाळेपासून आपण असंच लिहायला शिकलो. मराठीत उतरवलं की लगेच कळतं, हा तलाठी कार्यालयात सातबाऱ्यासाठी दिलेला अर्ज आहे. आणि अर्जाचा स्वभावच असा असतो की भाषा नम्र असते, पण मागणी हक्काची असते. सातबारा मिळणं हा आपला हक्क आहे, म्हणून 'लवकरात लवकर' लिहिणं तिथे शोभतं. अनोळखी माणसाची पंधरा मिनिटं हा आपला हक्क नाही.

म्हणजे 'आदरणीय', 'कृपया', 'नम्र' हे शब्द आणखी वाढवून ही मेल मऊ होणार नाही. तगादा शब्दांत नसतो, मेल समोरच्याच्या डोक्यावर किती काम टाकते त्यात असतो. या मेलमध्ये सरांना काय काय करावं लागेल बघा. हिला नक्की काय विचारायचंय याचा अंदाज बांधायचा. बोलणं किती लांबेल ते ठरवायचं. स्वतः नंबर फिरवायचा, तोही लवकरात लवकर. शिवाय उत्तर सकारात्मकच हवं असं आधीच सांगितलंय आणि आभारही आगाऊ मानून ठेवलेत, म्हणजे नाही म्हणायला त्यांना जागाच ठेवलेली नाही. भला माणूस अशा वेळी नकारही कळवत नाही, कारण नकार देणं अवघड करून ठेवलंय. तो नंतर बघू म्हणतो, आणि ती मेल दोन दिवसांत पन्नास मेल्सखाली जाते.

मी तिला म्हटलं, मेल बाजूला ठेव, आधी प्रश्न लिही. या माणसाशी पंधरा मिनिटं मिळाली तर काय विचारशील ते एका वाक्यात. तिने पहिल्यांदा लिहिलं, 'इंडस्ट्री चांगली की पीएच.डी.?' या प्रश्नाची अडचण अशी, की तो देशातल्या कुठल्याही केमिस्टला विचारता येतो. आणि जो कुणालाही विचारता येतो त्याचं उत्तर देणं ही कुणाचीच जबाबदारी वाटत नाही. शिवाय त्याचं प्रामाणिक उत्तर 'तुझ्यावर अवलंबून आहे' हेच असतं, मग त्यासाठी फोन कशाला. दुसऱ्यांदा तिने लिहिलं, 'पीएच.डी.त फेलोशिप किती मिळते आणि कंपनीत पगार किती?' यातला फेलोशिपचा आकडा एका सर्चवर मिळतो. जेआरएफला जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, ते विचारायला वरिष्ठ शास्त्रज्ञ लागत नाही. पगाराचा प्रश्न अनोळखी माणसाला पहिल्याच मेलमध्ये विचारू नये, हे सांगायला नकोच.

मग आम्ही त्यांचं लिंक्डइन प्रोफाइल नीट पाहिलं. आणि तिथे गोष्ट सापडली. त्यांनी एम.एस्सी.नंतर चार वर्षं कंपनीत काम केलं होतं, मग नोकरी सोडून पीएच.डी. केली आणि परत उद्योगात गेले. म्हणजे जी उडी मारायला ही घाबरत होती, ती त्यांनी प्रत्यक्ष मारली होती. प्रश्न तिथेच तयार झाला: 'नोकरीतून पीएच.डी.कडे परत येताना कोणती गोष्ट आधीच करून ठेवली असती तर सोपं गेलं असतं?' हा प्रश्न ज्यांनी तसं केलंय त्यांनाच विचारता येतो. त्यांना तो आठवणीतून सांगता येतो, काही शोधावं लागत नाही. आणि उत्तर दोन ओळींतही देता येतं किंवा वीस मिनिटंही बोलता येतं. माझ्या मते या मेलचं ऐंशी टक्के काम प्रश्न सापडेपर्यंतच होतं. उरलेलं टायपिंग.

दुसरी मेल अशी झाली. हीसुद्धा इंग्रजीत गेली.

विषय: एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, नोकरीनंतर पीएच.डी.बद्दल एक प्रश्न

'डॉ. अमुक,

मी अमुक विद्यापीठात सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात आहे. फ्लास्कमध्ये नीट येणारे स्फटिक मोठ्या रिअॅक्टरमध्ये बारीक होतात आणि गाळायला फार वेळ घेतात, यावरचा तुमचा पेपर मी प्रोजेक्टच्या निमित्ताने वाचला. आमच्याकडे २ ग्रॅमवरसुद्धा तसंच झालं होतं, आणि थंड करण्याचा वेग हे कारण असू शकतं हे मला त्यातून कळलं.

मी लिहिते आहे ते मात्र दुसऱ्या कारणासाठी. मला नोकरीची एक संधी आहे आणि पुढे पीएच.डी. करायची इच्छा आहे. तुम्ही चार वर्षं नोकरी करून पीएच.डी.कडे वळलात असं तुमच्या प्रोफाइलवर वाचलं. परत येताना कोणती गोष्ट आधीच करून ठेवली असती तर सोपं गेलं असतं, हे तुमच्याकडून समजून घ्यायला आवडेल.

तुम्हाला जमणार असेल तर पुढच्या तीन आठवड्यांत फोनवर १५ मिनिटं बोलता येईल का? सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ६ नंतर किंवा शनिवारी दिवसभर मी मोकळी आहे. तुम्ही सांगाल त्या वेळी मी फोन करेन. बोलणं शक्य नसेल तर दोन ओळींचं उत्तरही मला पुरेसं आहे. आणि सध्या तेही जमण्यासारखं नसेल तर मी समजू शकते.

मी तुमच्याकडे नोकरी किंवा इंटर्नशिपसाठी लिहीत नाही.

(नाव, वर्ग, विद्यापीठ)'

यातल्या काही गोष्टींवर आमची बरीच चर्चा झाली, त्या सांगते. पेपरचा उल्लेख किती करायचा, हा पहिला मुद्दा. 'तुमचा पेपर खूप आवडला' हे वाक्य कुणीही कुणालाही लिहू शकतं, पेपरचं शीर्षक कॉपी करून चिकटवलं तरी. म्हणून त्याचं वजन शून्य. त्याऐवजी पेपरमुळे आपल्या टेबलावर काय बदललं ते एका वाक्यात लिहिलं की वाचणाऱ्याला खात्री पटते. पण एकच वाक्य. तीन वाक्यं झाली की खुशामत वाटायला लागते. आणि पेपर वाचला नसेल तर हा भाग सरळ गाळावा. त्यांच्या करिअरच्या वाटेमुळे लिहिते आहे एवढं कारण पुरे आहे. न वाचलेल्या पेपरचं कौतुक फोनवर दुसऱ्या मिनिटाला उघडं पडतं.

'मी लिहिते आहे ते मात्र दुसऱ्या कारणासाठी' हे वाक्य तिला उद्धट वाटत होतं. मला ते अजिबात तसं वाटत नाही. वरिष्ठ माणूस पहिल्या वाक्यापासूनच वाट बघत असतो, की हिला हवंय काय. ते जितकं लवकर सांगू तितका त्याचा जीव लवकर भांड्यात पडतो. नोकरीसाठी लिहीत नाही हे स्पष्ट सांगण्याचंही तेच. मात्र ते खरं असेल तरच लिहा. मनात नोकरी आणि मेलमध्ये 'फक्त माहिती' असेल, तर ते बोलण्यात कुठेतरी डोकावतंच आणि समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं. नोकरी हवी असेल तर नोकरीच मागा, त्यात काही कमीपणा नाही.

वेळेबद्दल दोन टोकं टाळायची असतात. 'उद्या ११ वाजता बोलू शकाल का?' हा तर आदेशच झाला. उलट 'तुम्हाला कधीही वेळ असेल तेव्हा' हे ऐकायला नम्र वाटतं, पण त्यात कॅलेंडर उघडून शोधायचं काम त्यांच्यावर पडतं, आणि 'कधीही'ची वेळ कधी येत नाही. म्हणून तीन आठवड्यांची सैल चौकट आणि आपल्या मोकळ्या वेळा दिल्या. फोन मी करेन हेही मुद्दाम लिहिलं. समोरची व्यक्ती परदेशात असेल तर त्यांच्या घड्याळाची वेळ लिहायची, आणि काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे जातात हे लक्षात ठेवायचं. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. स्लॉट बुक करायची कॅलेंडर लिंक पहिल्या मेलमध्ये पाठवू नका. ती सोयीची असते हे खरं, पण आपणच वेळ मागायची आणि वर त्यांनाच आपल्या रांगेत नंबर लावायला सांगायचं, असं ते दिसतं.

शेवटची दोन वाक्यं, म्हणजे 'दोन ओळींचं उत्तरही पुरेसं' आणि 'जमण्यासारखं नसेल तर समजू शकते', ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. मागण्याला एक छोटी पायरी ठेवली की माणूस पूर्ण नकाराऐवजी त्या पायरीवर थांबू शकतो. तिला भीती होती, की आपणच असा पर्याय दिला तर कोण फोनवर बोलेल? शक्य आहे. पण ज्याच्याकडे फोनसाठी वेळ नव्हता त्याच्याकडून निदान दोन ओळी तरी येतील. फक्त हे दोनदा-तीनदा लिहू नका. 'तुम्हाला त्रास देतेय, माफ करा, खरंच नको असेल तर सोडून द्या' असं वारंवार आलं की समोरच्यावर आपली समजूत काढायची जबाबदारी येते. तोही एक भारच.

मराठी आडनाव दिसलं तर मराठीत लिहावं का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय. मी पहिली मेल इंग्रजीतच लिहिते. आडनाव मराठी असलं तरी मराठी वाचायची सवय असेलच असं नाही, आणि कामाच्या पत्त्यावरची मेल कधी सहकाऱ्याकडे फॉरवर्ड होते. बोलताना ते स्वतःच मराठीवर आले तर छानच. 'मी पण तुमच्याच गावची' हे वाक्य मात्र जपून वापरा. एकाच कॉलेजात शिकलो असू तर ओळख म्हणून एकदा लिहायला हरकत नाही. पण त्याचा सूर 'आता तुम्हाला मदत करावीच लागेल' असा झाला तर नको. संबोधनात डॉ. आणि आडनाव पुरे. आमच्या इन्स्टिट्यूटमधल्या एका मॅडमना दर आठवड्याला 'डिअर सर' म्हणून मेल येतात. पाठवणाऱ्याने त्यांचं पानही उघडून पाहिलं नाही, हे त्यांना तिथेच कळतं. तसंच नावाचा फॉन्ट बाकी मजकुरापेक्षा वेगळा दिसणं. नाव चिकटवलंय, मजकूर सगळ्यांना एकच गेलाय, हे त्यावरून ओळखू येतं. एकाच विभागातल्या चौघांना एकच मेल तर पाठवूच नका. चहाला ते चौघं एकत्रच बसतात.

पत्ता कुठून घ्यायचा? पेपरवर ज्या लेखकाच्या नावापुढे तारा असतो तो कॉरस्पॉन्डिंग ऑथर, त्याचा ईमेल पेपरमध्येच दिलेला असतो. पण पेपर जुना असेल आणि माणसाने कंपनी बदलली असेल, तर तो पत्ता बंद झालेला असतो. मग काही मिनिटांत परत मेल येते, जीमेलमध्ये 'Address not found' अशी, आणि खाली बहुतेक वेळा '550 5.1.1' असा कोड असतो. याचा अर्थ त्या नावाची पेटीच तिथे नाही. हा नकार नाही, त्यांना मेल मिळालेलीच नाही. अशा वेळी त्यांचा अलीकडचा पेपर शोधा, त्यावर नवा पत्ता असतो. पत्ता अंदाजाने जुळवून (नाव, टिंब, आडनाव) चार प्रकारे पाठवून बघणं टाळा. त्यातली एखादी भलत्याच माणसाकडे जाते. वैयक्तिक मोबाइल नंबर कुठून मिळाला तरी पहिला संपर्क त्यावर नको. कामाच्या पत्त्यावरची मेल वाचायची की नाही हे त्यांच्या हातात असतं. व्हॉट्सअॅपचा मेसेज रात्री जेवताना समोर येतो आणि वाचल्याची निळी खूणही उमटते.

पाठवल्यावर काय? तिने मंगळवारी सकाळी पाठवली आणि संध्याकाळपासून दर तासाला इनबॉक्स. शुक्रवारी ती म्हणाली, ताई, बहुतेक त्यांना राग आला. राग वगैरे काही नसतो. उत्तर न येण्याची कारणं नेहमी साधी असतात: प्रवास, ऑडिट, प्रस्तावाची शेवटची तारीख, किंवा मेल मोबाइलवर वाचली आणि लॅपटॉपवर उत्तर देऊ म्हणून राहून गेली. हे शेवटचं तर फारच होतं. म्हणून एक आठवण पाठवणं योग्यच आहे, साधारण आठ-दहा दिवसांनी. ती नवी मेल म्हणून न पाठवता त्याच मेलला रिप्लाय करून पाठवायची, म्हणजे खाली मूळ प्रश्न दिसतो. तिची आठवण एवढीच होती: 'डॉ. अमुक, मागच्या आठवड्यातली माझी मेल कामात राहून गेली असेल म्हणून एकदा आठवण करते. वेळ नसेल तर उत्तराची गरज नाही.' 'मी आधीही मेल केली होती, पण आपलं उत्तर आलं नाही' असं लिहिलं की तो जाब होतो. या एका आठवणीनंतर थांबायचं. तिसरी मेल नाही, लिंक्डइनवर तेच नाही, ऑफिसच्या लँडलाइनवर फोन नाही. हातात मुदत असेल तर सुरुवातीलाच वेगवेगळ्या संस्थांमधल्या तीन-चार जणांना, प्रत्येकाला त्याच्या वाटेला लागू पडणारा प्रश्न, अशा स्वतंत्र मेल्स लिहा. एकाच माणसाच्या उत्तरावर निर्णय टांगला, की मग ती आठवण आपोआप तगादा व्हायला लागते.

एक मर्यादाही सांगून ठेवते. कंपनीतल्या माणसाला बऱ्याच गोष्टी बोलता येत नाहीत. कोणत्या रेणूवर काम चाललंय, ग्राहक कोण, अमुक टप्प्याला कोणता कॅटॅलिस्ट वापरता, असले प्रश्न गुप्ततेच्या करारात अडकतात, आणि मेलमध्ये ते दिसले तर बोलणंच टाळलं जातं. छापून आलेल्या कामाबद्दल आणि स्वतःच्या वाटेबद्दल ते मोकळेपणाने बोलू शकतात. प्रश्न त्या कुंपणाच्या आत ठेवा.

तिला उत्तर आठवणीनंतर दुसऱ्या दिवशी आलं. फोन नाही. त्यांच्याकडे ऑडिट होतं, महिनाभर बोलणं शक्य नव्हतं. पण मेलमध्येच सहा-सात ओळी लिहिल्या होत्या. एक, नोकरीत गेल्यावर विषय विसरत नाही, पण परीक्षेला बसायची सवय जाते. म्हणून रुजू होण्याआधी किंवा पहिल्याच वर्षी गेट देऊन ठेव, स्कोअर तीन वर्षं चालतो. दोन, ऑफर लेटरवर सही करायच्या आधी बाँड आणि नोटिस पीरियड वाच, कारण पीएच.डी.च्या प्रवेशाची तारीख तुझ्या नोटिस पीरियडसाठी थांबत नाही. तीन, कंपनीत केलेलं काम गुप्त असल्यामुळे मुलाखतीत दाखवता येत नाही, तेव्हा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट नीट लिहून ठेव, चार वर्षांनी तोच दाखवावा लागेल.

यातला तिसरा मुद्दा मलाही नवा होता. आणि यातलं काहीच 'इंडस्ट्री चांगली की पीएच.डी.' या प्रश्नाला आलं नसतं.

तिने त्याच दिवशी चार ओळींत आभार मानले, त्यात पुन्हा फोनची विनंती केली नाही. ऑफर लेटर काढून पाहिलं तर दोन वर्षांचा बाँड आणि तीन महिन्यांचा नोटिस पीरियड होता. ते तिने आधी वाचलंच नव्हतं. एचआरला मेल करून तिने विचारलं की उच्च शिक्षणासाठी बाँडमध्ये सूट आहे का; तीही मेल आम्ही दोघींनी मिळून लिहिली, ती सहा वाक्यांत झाली. सुटीच्या दिवसांत ती प्रोजेक्टचा अहवाल पुन्हा लिहिते आहे, गाळायला लागलेल्या वेळाच्या नोंदींसकट. निर्णय झाला की तो त्या सरांना दोन ओळींत कळवायचा, असं तिने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.